धीराच्या वाक्यांचं भाषांतर

"जाऊंदे गो. एकच दात गेला ना."

बाकावर बसलेली आई आपल्या मुलीची समजूत घालत होती. मुलगी माझ्याच वयाची, म्हणजे तेवीस-चोवीसची असेल. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि त्यावरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. डावा डोळा सुजून मिटला होता. आईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता आणि आवाज लहान बाळाला झोपवताना लावावा तसा मऊ होता.

मी आतल्या टेबलाशी नेमका तोच शब्द खोडत होते.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बायकांसाठी रत्नागिरीत एक छोटं सल्ला केंद्र होतं. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. केंद्र चालवणाऱ्या ताई पूर्वी शाळेत शिकवायच्या. मला तिथे बायकांशी बोलायला नव्हे, भाषांतरासाठी घेतलं होतं. मुंबईहून कार्यकर्त्यांसाठी एक इंग्रजी पुस्तिका आली होती, ती गावोगावच्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत आणायची होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. कोणाशी चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की मी अडखळायचे, त्यामुळे कागदाचं काम मला बरं वाटलं.

मारहाणीच्या जखमा, पोलिसांतली तक्रार, दवाखान्यातली नोंद ही प्रकरणं मी भराभर उरकली. अडले ते एका साध्या पानावर. आलेल्या बाईला धीर कसा द्यावा, याची त्यात छोटी छोटी वाक्यं होती. डोन्ट वरी. नेव्हर माइंड. नो प्रॉब्लेम. शाळेत आम्ही ही वाक्यं दिवसभर एकमेकींच्या अंगावर टाकायचो. त्यांना मराठी लागेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

'काळजी करू नका' असं मी लिहिलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "मोठ्याने म्हणून दाखव."

मी म्हटलं.

"अगो, हे तर बँकेतला साहेब बोलल्यासारखं वाटतंय. तिचं डोकं फुटलंय आणि तू तिला म्हणत्येस, काळजी करू नका. का नको करू? तू काय करणार आहेस ते सांग ना."

म्हणून मी 'मी आहे ना' असं लिहिलं. त्यावर ताई खूश झाल्या. मीही झाले. 'डोन्ट वरी'मध्ये 'मी' नाही, आणि मराठीत कोणी खरोखर धीर देतं तेव्हा 'मी' हा येतोच, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं होतं.

'नेव्हर माइंड'साठी सगळ्यात आधी सुचला तो 'जाऊ दे'. पेला फुटला, बस चुकली, जाऊ दे. पण केंद्रात बसून बसून माझे कान तयार झाले होते. तिथे येणाऱ्या प्रत्येकीला सासूने, जावेने, शेजारणीने, कधी पोलीस पाटलाने 'जाऊ दे' म्हणूनच परत पाठवलेलं असायचं. मी तो शब्द खोडला आणि दुसरा सापडेना. 'नो प्रॉब्लेम'पुढे 'हरकत नाही', 'अडचण नाही' असं काहीबाही लिहून मी तेही खोडलं होतं. अर्ज मंजूर झाल्यासारखं वाटत होतं ते.

ताईंनी आईला बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं आणि मुलीला आत आणलं. आमच्याकडे तोच नियम होता. बाईशी आधी एकटीशी बोलायचं, माहेरच्यांसमोरही नाही. ताई तिच्या समोर नव्हे, बाजूला बसल्या. मी कोपऱ्यात.

तिचा नवरा हातखंब्याला हमरस्त्यावर ट्रकांची पंक्चर काढायचा. जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्याने टायर काढायची लोखंडी पट्टी तिच्या तोंडावर मारली होती. मग खाली पाडून बरगड्यांत लाथा. हे सगळं तिने भाताला पाणी किती घातलं हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. सकाळी दवाखान्यात तिने 'न्हाणीत पडले' असं सांगितलं होतं, कारण तो दाराशीच उभा होता. तो चहाला गेला आणि आई तिला इकडे घेऊन आली. आईला वाटत होतं, इथल्या बाईंनी जावयाला बोलावून दोन शब्द सुनवावेत आणि पोरीला संध्याकाळच्या आत घरी धाडावं. मुलगा मुंबईला, घरी सून, त्यात ही कायमची येऊन बसली तर कसं, म्हणत होती.

ताई दवाखान्यात फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मार लागल्याची नोंद आता तरी व्हायला हवी होती. आत आम्ही दोघीच राहिलो. मुलीने पदर तोंडावरून काढला. वरच्या ओठाला मधोमध चीर होती आणि ती बोलली की चिरेतून थेंब यायचा.

"आज नाय गेले तर चालेल काय?" तिने विचारलं.

माझ्या मनात उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं. मी म्हटलं, "ताईंना विचारते हं."

तिने मान हलवली आणि पदर परत तोंडाला लावला.

तेवढ्यात बाहेर खुर्ची आपटल्याचा आवाज आला. तो चहा पिऊन दवाखान्यात परतला असणार आणि कोणाला तरी विचारत इथवर आला असणार. मुलीची आई ओरडली, मग एकदम गप्प झाली. दार मोकळंच होतं. त्यातून मला तो दिसला. अंगाने काडीसारखा, हात कोपरापर्यंत काळे. सासूला त्याने मानेला धरून बाकावरून उठवलं होतं आणि भिंतीकडे ढकललं होतं.

"कुठं लपवलीस? म्हातारे, तुझाच गळा आवळतो थांब."

"सोडा त्यांना," ताई मध्ये गेल्या. "इथे हात उचलायचा नाही."

"तू कोण गो? तुझ्या घोवाने घातली काय तुला असली अक्कल?"

त्याने ताईंना दोन्ही हातांनी छातीवर धक्का दिला. त्या कपाटावर आदळल्या. कपाटाच्या मुठीवर भुवई आपटली तेव्हा झालेला आवाज बारीकसा होता, पण तो मला अजून ऐकू येतो. रक्त लगेच आलं. डोळ्यावरून, गालावरून, साडीवर. ताई भिंतीला धरून खाली बसल्या. फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता आणि त्यातून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

तो आत आला. वाटेतली खुर्ची त्याने लाथेने उडवली, तिचा पाय तुटून माझ्या पोटरीवर लागला. मी हलले नाही. हिंमत होती म्हणून नव्हे, हलताच येत नव्हतं म्हणून. त्याने बायकोचे केस मुठीत धरले, मुठीला एक पीळ दिला आणि तिला भिंतीशी नेऊन तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. भिंतीचा चुना तिच्या केसांवर पडला. ती ओरडली नाही. तिने फक्त हात डोक्याच्या मागे नेला, भिंत आणि डोकं यांच्या मध्ये, रोजचंच काम असावं तशा सराईतपणे.

मग तो थांबला. त्याला बहुधा मी दिसले, किंवा बाहेरून शेजारच्या दुकानातल्या माणसांचे आवाज आले. त्याने केस सोडले. धाप लागली होती. आणि मग त्याने तिच्या डोक्यावरचा चुना झाडायला सुरुवात केली.

"भिऊ नको," तो म्हणाला. "काय व्हत नाय. मी हाय ना."

आवाज अगदी खाली आला होता. मऊ. त्याने काळ्या अंगठ्याने तिच्या ओठावरचा थेंब पुसला.

"जाऊंदे, झाला ता झाला. चल घरला."

माझं पूर्ण पान त्याला तोंडपाठ होतं. आठवडाभर मी जो सूर शोधत होते, ताई मला पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणायला लावत होत्या तो सूर, तो त्याच्याकडे तयार होता. माझ्यापेक्षा चांगला. 'मी हाय ना' म्हणताना त्याने मान जराशी तिरकी केली होती, आणि ती खरोखरच शांत होत होती, मला दिसत होतं. खांदे खाली येत होते. या आवाजानंतर आता काही वेळ मार नाही, हे तिच्या अंगाला माहीत होतं.

ती उठली. चप्पल पायात घातली. बाहेर तिची आई भिंतीशी उभी राहून मानेवरून हात फिरवत होती. तीही म्हणाली, "जा गो बाय. तो बोलावतोय ना, जा."

ताईंनी तोंड उघडलं, पण रक्त डोळ्यात गेलं होतं आणि त्यांना नीट दिसतही नव्हतं. अशा वेळी बाईला थांबवायला जे बोलायचं ते नेहमी ताईच बोलायच्या. मी फक्त लिहायचे.

माझ्या डोक्यात पान उलटत होतं. काळजी करू नका. घाबरू नका. मी आहे ना. त्यातलं प्रत्येक वाक्य त्याने आत्ताच वापरून टाकलं होतं. मी तेच म्हटलं असतं तर तिला माझा आवाजही त्याच्याच आवाजासारखा वाटला असता. आणि तिने कुठे धीर मागितला होता? तिने मला एक साधा प्रश्न विचारला होता. तिला आजवर सगळ्यांनी भिऊ नको म्हणून सांगितलं होतं. नको जाऊस म्हणायला कोणीच नव्हतं.

मी काहीतरी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय बोललीस गो?" त्याने विचारलं. तिला नव्हे, मला. हात पुन्हा वर आला होता.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी तिच्या उघड्या डोळ्याकडे बघितलं. चप्पल घातलेला एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. माझा आवाज फाटला, वर चढला, बाहेर जमलेल्या माणसांपर्यंत गेला.

"आज नाही गेलात तरी चालेल."