निम्मी पुडी

मोहनरावांना पोट होतं आणि पोटाच्या खाली हर्निया होता. बीडच्या सर्जननं तपासून सरळ सांगितलं, "काका, आधी पाच किलो उतरवा. मग ऑपरेशन." मोहनरावांचं तेव्हा वजन होतं चौऱ्याऐंशी. डॉक्टरनं त्यांच्या हातात आहाराचा तक्ता दिला आणि दिवसाला पंधराशे कॅलरीच्या वर जाऊ नका म्हणून बजावलं.

मोहनराव नांदूरघाटाकडच्या एका गावच्या दूध सोसायटीचे सचिव. आयुष्यभर दुधाचं फॅट काढलेला माणूस, त्यामुळं मोजमापाचं आपल्याला कुणी शिकवायचं नाही असं त्यांचं ठाम मत. त्या वर्षी पाऊस असा दडी मारून बसला की दूधच आटलं, मग सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली आणि सचिव दिवसभर छावणीत राहू लागले. सकाळी वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि कोणाच्या किती जनावरांना किती ऊस, किती कडबा, ते बोलायचं. एखाद्यानं पेंढी जास्त उचलली की ते म्हणत, "ठिव की बे खाली. काटा सगळ्यांला सारखाच हाय." माणूस वाईट नव्हता. फक्त काटा दुसऱ्याकडं वळवून ठेवायची सवय होती.

घर गावात, छावणीपासून मैलभर. तिथून दुपारचा डबा यायचा. डबा करणारी वत्सलाबाई, त्यांची बायको. माळकरी बाई. अंडं या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. वत्सलाबाईंनी डॉक्टरचा तक्ता शेजारच्या पोरीकडून दोनदा वाचून घेतला, आणि पिठाचा गोळा केवढा घ्यायचा, वरण किती पातळ करायचं, हे मनाशी पक्कं केलं. ज्वारीच्या ठरल्या भाकरी, एक वाटी वरण, पालेभाजी मिळेल ती. चहात साखर नाही. त्या बाईनं एकाही दिवशी हयगय केली नाही, हे मला आताच सांगून टाकायचं आहे, कारण पुढं जे झालं ते सांगताना माझाच राग अनावर होतो.

छावणीच्या तोंडाशी बायकांच्या बचत गटानं पत्र्याचं हॉटेल टाकलं होतं. ताराबाई तिथं स्वयंपाक करी. चहा, भजी आणि नवीनच एक पदार्थ, अंडा नूडल्स. जनावरांपाशी मुक्कामाला असलेल्या तरण्या पोरांसाठी तो सुरू झाला होता. चार वाजता तिच्या कढईत कांदा, कोबी, गाजर परतायचा वास सुटला की सगळ्या छावणीत कळायचं. सकाळपासून पातळ वरणावर काढलेल्या माणसाचा जीव त्या वासानं खालीवर होणारच. एक दिवस मोहनरावांनी नूडल्सचं पाकीट हातात घेऊन न्याहाळलं. पिवळ्या शेवयांची वाळकी चकती आणि चकचकीत पुडीत मसाला.

मोहनरावांच्या डोक्यात तिथंच हिशोब पक्का झाला. शेवया म्हणजे शेवयाच, आपल्या बायका उन्हाळ्यात खाटेवर वाळवतात तशा. आजाऱ्याला देतात. भाजी तर डॉक्टरनंच सांगितलेली. अंडं ताकदीचं. मग वाईट काय असेल तर ही पुडी. एवढीशी, पण जिभेला चटका देणारी. कॅलरी सगळी हिच्यातच कोंबलेली असणार.

"ताराबाई, पुडी निम्मीच टाक," ते म्हणाले. "निम्मी कॅलरी तिथंच कटाप झाली."

"तुमी म्हणसाल तसं, सचिव," ताराबाई म्हणाली आणि कढईत चमचा दोन चमचे तेल सोडलं. मोहनराव तेलाकडं बघत नव्हते. त्यांचं लक्ष पुडीवर होतं.

तेव्हापासून रोज चार वाजता एक प्लेट. उरलेली निम्मी पुडी सटवाला मिळायची. सटवा म्हणजे मेंढरं विकून दोन गाई घेऊन छावणीत आलेला, हाडं मोजून घ्यावीत असा धनगर. तो मसाला कोरड्या भाकरीवर भुरभुरून खायचा. मोहनराव त्याला दम देत, "जपून खा बे. लई जड असती ती. फुगशील." सटवा मान डोलवायचा आणि बोट चाटायचा. तो काही फुगला नाही.

घरी मोहनरावांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. अंड्यामुळं. वत्सलाबाईंच्या माळेपुढं त्यांना लाज वाटायची, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

महिन्यानं वजन केलं. चौऱ्याऐंशी. दहा-पंधरा दिवस गेले, पुन्हा चौऱ्याऐंशी. आता उपाशी राहून वजन उतरत नाही म्हटल्यावर कुणाचं तरी चुकतंय, आणि ते आपलं नाही, हे मोहनरावांना लगेच उमगलं. काट्याजवळ आठ-दहा माणसं चाऱ्यासाठी उभी होती. डबा घेऊन त्या दिवशी वत्सलाबाई स्वतः आल्या होत्या. मोहनरावांनी डबा उघडला, भाजीत बोट बुडवलं आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हे बगा. डागदर म्हणतो तेल नको, आन् आमच्या घरी भाजी तेलात पोहती. वजन उतरंल कसं?"

लोक हसले. दोघं-तिघं उगाच हसले, सचिवांनी विनोद केला म्हणून. वत्सलाबाईंनी झाकण उचलून घेतलं, पदर पुढं ओढला आणि उन्हात चालू लागल्या.

मे महिना सरता सरता मोहनराव त्यांना बीडला घेऊन गेले. जाण्याआधी छावणीत सांगून गेले, "आज हिला म्याडमच्या पुढ्यात बसवतो. माझं आयकत न्हाई, त्यांचं तरी आयकंल." म्हणजे बायकोला चारचौघांत बोलून भागलं नव्हतं, आता शिकलेल्या माणसाकडून बोलणी खायला लावायची होती.

दवाखान्यात आहाराचं सांगणाऱ्या अंजना मॅडम तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी वत्सलाबाईंना विचारलं, काकू, दिवसभराचं सांगा. वत्सलाबाईंनी सांगितलं. भाकरी केवढी ते तळहातावर दाखवलं. तेल किती, असं विचारल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "दीड महिना झालं, तेल घालीतच न्हाई. कोरडंच परतते."

मॅडमनी बेरीज केली. पंधराशेच्या आतच येत होती. "काका, एवढंच खात असाल तर वजन उतरायलाच पाहिजे. बाहेर काही?"

"काय न्हाई."

"चहाबरोबर? संध्याकाळी?"

"च्यार वाजता उगं तोंड चाळवायला थोड्या नूडल्स. पण पुडी निम्मीच टाकितो मी," मोहनराव म्हणाले, आणि या शेवटच्या वाक्यावर शाबासकी मिळेल म्हणून मॅडमकडं बघितलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नीट विचारून घेतलं. पाकीट केवढं? सत्तर ग्रॅमचं. पूर्ण? पूर्ण. आणखी काय घालतात? भाजी. आणि? मोहनराव खिडकीकडं बघत म्हणाले, "एक अंडं."

वत्सलाबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला आणि तिथंच राहिला.

"पाकिटावर शंभर ग्रॅमला चारशे तीसच्या आसपास लिहिलेलं असतं," मॅडम सांगत होत्या. "तुमचं पाकीट सत्तरचं, म्हणजे तीनशे. त्या तीनशेत पुडीही धरलेली असते. ती वेगळी मोजायची नसते. त्या सगळ्या पुडीत मिळून वीसेक कॅलरी. निम्मी टाकली म्हणजे दहा वाचल्या. मीठ कमी गेलं, तेवढं मात्र चांगलं झालं. बाकी सगळं त्या चकतीत आहे, काका. ती आपल्या शेवयांसारखी नुसती वाळवलेली नसते, तेलात तळून वाळवलेली असते. अंड्याचे पंचाहत्तर. भाज्यांचे पंचवीस. वरून तेल?"

"दोन चमचे आसंल."

"चहाचा चमचा असला तरी एकाचे पंचेचाळीस, दोनाचे नव्वद. सगळे मिळून चारशे नव्वद. तुमचे दहा वजा करा, चारशे ऐंशी. दोन भाकरींहून जास्त. रोज." त्या जरा थांबल्या. "अंडं वाईट नाही. भाजी वाईट नाही. नूडल्स खाल्ल्या तर तेवढं दुसरीकडं कमी करायचं. पण मोजलंच नाही तर कसं चालेल?"

ज्या माणसानं जन्मभर दुधाचं फॅट मोजलं त्याला तळलेली चकती ओळखू आली नव्हती. मोहनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना उठून जावंसं वाटलं, पण मॅडम आता त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्या वत्सलाबाईंच्या मनगटाकडं बघत होत्या. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"काकू, तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहा." वत्सलाबाई चपला काढून उभ्या राहिल्या. शेहेचाळीस. "आधी किती होतं, आठवतं?"

"दिवाळीत गावात तपासणी झालती, तवा एक्कावन्न भरलतं."

"तुम्ही का जेवत नाही?"

वत्सलाबाई जमिनीकडं बघून म्हणाल्या, "ह्यांनी छावणीत सगळ्यांपुढं तेलाचं काढलं. दुकानात तेल घ्याया गेलं की मागं बाया बोलतेत. मंग तेल आणायचंच सोडलं. आन् ह्यांना कोरडं देऊन मी पोटभर कसं खावं?"

एक्कावन्नातून शेहेचाळीस. डॉक्टरनं मागितलेले पाच किलो उतरले होते. ते वत्सलाबाईंच्या अंगावरून उतरले होते. मोहनरावांनी ही वजाबाकी मनात केली आणि त्यांना मान वर करता येईना. मला विचाराल तर ती त्यांनी वर करूही नये असंच वाटत होतं.

एसटीत दोघं शेजारी बसले. फाट्यावर उतरून वत्सलाबाई घराकडं गेल्या, मोहनराव छावणीत. माणसं वाटच बघत होती. "काय सचिव, म्याडमनं काकूला झापलं का?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मोहनराव म्हणाले, "समजावलं दोघांला बी," आणि खुर्चीत बसले. सटवा निम्म्या पुडीसाठी घुटमळत होता. त्याला त्यांनी हातानंच परतवून लावलं.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी करडीच्या तेलाची बाटली घेतली. वत्सलाबाई चुलीपाशी जेवायला बसल्या होत्या. ताटात अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. मोहनरावांनी बाटलीचं झाकण काढलं आणि वाकले. वत्सलाबाईंनी चटणीवर तळहात ठेवला.

"छावणीत काय सांगितलंत?"

मोहनराव बाटलीचं झाकण परत लावू लागले.

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि कोरडा घास मोडला. अंड्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. तो काढला असता तर मोहनरावांना बरं वाटलं असतं.

सकाळी काट्याजवळ नेहमीची गर्दी होती. मोहनराव खुर्चीत बसले नाहीत. "आयका," ते म्हणाले, आणि काट्यावर हात ठेवून उभे राहिले. एकानं विचारलं, चारा कमी आलाय का? "चारा न्हाई. माझं. मी रोज ताराबाईकडं च्यार वाजता अंडा नूडल्स खातो. त्याच्यात दोन भाकरींच्या वर कॅलरी हाय. वजन त्याच्यानं उतरलं न्हाई. घरच्या भाजीत तेल कवाच जास्त नव्हतं. मी खोटं बोललो. तुमच्यापुढं बोललो, म्हणून तुमच्यापुढंच सांगतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. ज्यांनी त्या दिवशी हसून साथ दिली होती ते पायाखालच्या कडब्याकडं बघत राहिले. पत्र्याच्या आडोशाला ताराबाईनं पदर तोंडाला लावला. मग सटवा हळूच म्हणाला, "काकूला सांगा, आमी बी हसलतो." मोहनरावांनी मान हलवली आणि पहिली पेंढी काट्यावर ठेवली.

गोष्ट त्यांच्या आधी घरी पोचली होती. गावात तेवढा एकच माल वेळेवर पोचतो. संध्याकाळी ते आले तेव्हा वत्सलाबाई ताट वाढून बसल्या होत्या. मोहनरावांनी फळीवरची बाटली घेतली आणि समोर उकिडवे बसले, पण वाकायचं धाडस होईना. वत्सलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. ताट मात्र दोन बोटं पुढं सरकवलं.

"दोन चमचे घाला," त्या म्हणाल्या.