आबाजींच्या हातचा हार्मोनिक

निघोज्याच्या आबाजींना कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारलं की ते आधी समोरच्याचा हात बघायचे. हात मऊ असला तर म्हणायचे, "रोबोटचं कोपर बनवतो," आणि विषय संपवायचे. हाताला घट्टे दिसले तर मात्र समोरच्याची सुटका नसे. मग चहाच्या टपरीवर बिस्किटाचा पुडा उघडा पडायचा, गोल बिस्किटाची चकती व्हायची, काड्यापेटीतल्या काड्यांच्या पिना व्हायच्या, आणि सायक्लो गिअरबॉक्स कसा चालतो याचा वर्ग भरायचा.

"ह्या बघ चाळीस पिना, गोलात उभ्या. मधी ही चकती. हिच्या कडंला लाटा, पर त्या एकोणचाळीस. एक कमी. ही मधोमध नाय फिरत, लंगडत फिरती. मोटरचा एक फेरा झाला की चकती एकच लाट मागं सरकती. म्हंजी एकोणचाळीस फेरं मोटरचं, तवा एक फेरा कोपराचा. आन् मोटरच्या बाजूला बारकी दातेरी चाकं जोडली, की त्येच्या तिप्पट."

ऐकणारा तोवर बिस्किट खायला टपलेला असायचा. आबाजींना त्याचं भान नसे. चकती लंगडते म्हणून गिअरबॉक्स थरथरू नये, यासाठी दुसरी चकती बरोबर उलट्या दिशेला कशी बसवतात, हे सांगितल्याशिवाय ते बिस्किट सोडत नसत.

एकतीस वर्षं फिटरकी केलेला हा माणूस. चाकण पट्ट्यातल्या तीन कंपन्या त्यांनी पाहिल्या, पण जीव जडला तो शेवटच्या, निघोज्यातल्याच छोट्या कारखान्यावर. मालक सुरेंद्र साहेब तिथे रोबोटचे हात जुळवायचे. खांद्याचे मोठे गिअरबॉक्स बाहेरून तयार यायचे, मनगटाचे छोटे, हार्मोनिक नावाच्या वेगळ्या जातीचे गिअरबॉक्सही बाहेरून बसवून यायचे. कोपराचा सायक्लो मात्र इथेच, आबाजींच्या सेलमध्ये बनायचा. सेल म्हणजे शेडचा एक काचबंद कोपरा आणि पाच माणसं. पिना मायक्रॉनमध्ये मोजून निवडायच्या, चकतीला जुळवायच्या, एखादी घट्ट वाटली तर तिच्या जागी केसभर बारीक पिन घालायची. आबाजी बोटांनी शाफ्ट फिरवून सांगायचे, "सोळावी पिन बदल." पिन बदलली की शाफ्ट लोण्यासारखा फिरायचा. चिंचवडहून येणाऱ्या डिझाइन इंजिनिअर मृदुला मॅडमसुद्धा मान्य करायच्या, की हे मशीनला जमत नाही.

तर अशा या सेलवर गेल्या वर्षी संकट आलं, आणि तेही एका गिऱ्हाइकाच्या दोन वाक्यांतून. त्याला रोबोट छताला उलटा टांगायचा होता. तो म्हणाला, हात जड आहे. आणि म्हणाला, टोकाला थोडा कंप जाणवतो.

सुरेंद्र साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. मृदुला मॅडमनी कोपराचा सायक्लो आणि त्याच्या जागी बसू शकेल असा हार्मोनिक शेजारी शेजारी ठेवले. हार्मोनिक उचलून दाखवला, एका हातात मावेल एवढा.

"यात पातळ पोलादाचा एक पेला आहे," त्या म्हणाल्या. "पेल्याच्या बाहेरच्या कडेला दोनशे दात. बाहेर जाड कडं, त्याच्या आतून दोनशे दोन. पेल्यात अंडाकार बेअरिंग घातलं की पेलाही अंडाकार होतो आणि दोन टोकांना कड्यात रुततो. बेअरिंगचा एक फेरा झाला की पेला दोन दात मागे सरकतो. एकाच टप्प्यात शंभराला एक. दातांत मोकळीक जवळजवळ नाही, आणि आपल्या सायक्लोपेक्षा साडेतीन किलो हलका."

"आन् धक्का बसला तर?" आबाजींनी विचारलं.

"तेच त्याचं दुखणं. पेला प्रत्येक फेऱ्याला वाकतो, आणि पिळालाही थोडा नमतो. मर्यादेपलीकडे धक्का बसला तर दात उडी मारतात. सायक्लोत एकाच वेळी कितीतरी लाटा पिनांना टेकलेल्या असतात. तो धक्का खातो आणि हलत नाही."

निर्णय झाला: एकाच हातावर, एकच वजन, एकच प्रोग्राम, बहात्तर तास. दर तासाला एकदा इमर्जन्सी स्टॉप, म्हणजे चालता हात झटक्यात थांबवायचा. आधी सायक्लो, मग हार्मोनिक. जो टिकेल आणि गिऱ्हाइकाला चालेल तो कोपरात. हार्मोनिक जिंकला तर सेलला काम उरणार नव्हतं, हे साहेबांनी लपवलं नाही. माणूस तसा सरळ होता. म्हणून तर त्याच्यावर रागावताही येईना.

हार्मोनिकचे सुटे भाग आले आणि ते कुणी बसवायचे हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी आबाजींकडे बघितलं. कारखान्यात त्यांच्याइतका हात कुणाचा होता? खोक्यात एक कागद होता, इंग्रजी. आबाजींनी तो घडी घालून बाजूला ठेवला. एकतीस वर्षांत बेअरिंग बसवायला त्यांना कधी कागद लागला नव्हता. पेला कड्यात ठेवला, अंडाकार बेअरिंग त्यात सरकवलं. निम्म्यावर अडलं. आबाजींनी नायलॉनचा हातोडा घेतला आणि सायक्लोला मारतात तसे तीन हलके ठोके दिले. बसलं. हाताने फिरवलं तर अर्धा फेरा जड, अर्धा हलका. नवा माल आहे, ग्रीस पसरलं की होईल मोकळा, असं ते स्वतःशी म्हणाले.

सायक्लो बहात्तर तास चालला. हार्मोनिक एकतिसाव्या तासाला गेला. टेस्टिंगच्या वर्षालीने सांगितलं की मोटरचा करंट पहिल्यापासून वरखाली होत होता. उघडून पाहिलं तर पेल्याला तडा. मृदुला मॅडमना नवल वाटलं नाही. धक्क्याला कमजोर आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन करून कळवलं की कोपरात सायक्लोच राहील, वजन दुसरीकडून कमी करू. सेलमध्ये पेढे आले. नवनाथ, बीडकडचा, सेलमधला आबाजींचा उजवा हात, त्याने दोन पेढे एकदम तोंडात टाकले. त्याच महिन्यात त्याने मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाक आवरताना आबाजींच्या हाताला तो घडी घातलेला कागद लागला. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण त्यात चित्रं होती. एका चित्रात हातोडा होता आणि त्यावर फुली. दुसऱ्यात पेला कड्यात एका बाजूला सरकून बसलेला, दात चुकीच्या खाचेत. तिसऱ्यात एक हात बेअरिंग हळूहळू फिरवत आत घालत होता.

आबाजींनी दुसरं चित्र पुन्हा पाहिलं. अर्धा फेरा जड, अर्धा हलका. ते त्यांच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. एक पिन केसभर जाड असली तरी सांगणारी ही बोटं, आणि त्या बोटांचं ऐकलं नाही ते आबाजींनीच. हार्मोनिक धक्क्याने मेला नव्हता. त्याला आबाजींनी मारलं होतं.

त्यांनी नवनाथला कागद दाखवला. नवनाथने चित्रं पाहिली आणि इकडेतिकडे बघितलं.

"काका, गप बसा की. कोण विचारायलंय तुम्हाला?"

"चाचणी खोटी झाली, नवनाथ."

"चाचणी गेली खड्ड्यात. आपण पाच माणसं हावोत. तुमचं घर हितं गावात हाय. मी पोरीला घेऊन कुठं जाऊ?"

आबाजींनी कागद परत घडी घालून खिशात ठेवला. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. त्यांची बायको सुमनताई ताट पुढे करायच्या आणि तसंच उचलायच्या. "आवं, झालं तरी काय? पेढं वाटलं म्हनता, आन् तोंड असं," त्या म्हणायच्या. आबाजी म्हणायचे, काय न्हाई. मनात मात्र एकच चाललेलं: आपण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पिनेपिनेने शोधल्या, आणि आता स्वतःच्या चुकीवर सेल उभा करायचा? बोलावं तर चार घरं उठतात. न बोलावं तर हाताला हात म्हणवत नाही. दोन्हीकडून फास होता.

चौथ्या दिवशी ते मृदुला मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले आणि कागद ठेवला.

"मॅडम, मी हातोडा मारला व्हता."

मॅडमनी कागद उलगडून चित्रं पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं. मला जे वाटत होतं तेच घडलं, म्हणून मी खोलात गेलेच नाही."

चाचणी परत ठरली. नवा हार्मोनिक आला, आणि बसवायला पुन्हा आबाजीच. नवनाथ आणि बाकीचे तिघे काचेपलीकडे उभे होते. आबाजींनी बेअरिंग बोटांनी हळूहळू फिरवत, न ठोकता, आत घेतलं. मग पेल्याच्या अंगाला मायक्रॉनभर हालचालही काट्याने दाखवणारा डायल लावला आणि बेअरिंग सावकाश फिरवलं. एका फेऱ्यात काटा दोनदा चढला, दोनदा उतरला, आणि दोन्ही चढ सारखे. कागदात तसंच होतं. पेला एका बाजूला सरकून बसला असता तर चढ असमान आले असते. आबाजींना क्षणभर वाटलं, असमान यावेत. तसं वाटल्याची त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. सारखेच होते.

बहात्तर तास हार्मोनिक चालला. करंटची रेघ सरळ राहिली. इमर्जन्सी स्टॉपचा धक्का मर्यादेच्या आत होता, म्हणून दातांनी उडी मारली नाही. उघडला तेव्हा दात सगळीकडे सारखे चकाकत होते. गिऱ्हाइकाने त्याच आठवड्यात होकार कळवला.

साहेबांनी आबाजींना केबिनमध्ये बोलावलं. सेल महिनाअखेर बंद होणार होता. आबाजी त्याला तयार होते.

"तुम्हाला ठेवतोय," साहेब म्हणाले. "कोपराचे हार्मोनिक आपण इथेच बसवू. त्याला एक माणूस पुरतो."

आबाजींनी हात जोडले. "साहेब, मला रिटायर व्हायला पाच वर्सं राहिली. नवनाथला ठेवा. तो शिकंल."

"आबाजी, हे काम कसं बिघडतं ते या कारखान्यात एकाच माणसाच्या हाताला माहीत आहे. नवनाथला ते शिकायला अजून एक पेला फोडावा लागेल. मला तो परवडत नाही."

आबाजी आणखी दोनदा तेच म्हणाले. साहेब बधले नाहीत. शेवटी आबाजी बाहेर आले.

सेलमध्ये नवनाथ पिनांचे डबे बंद करून त्यांवर मापाच्या चिठ्ठ्या लावत होता. केबिनच्या उघड्या दारातून 'तुम्हाला ठेवतोय' एवढं त्याला ऐकू गेलं असावं. आबाजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"तुमचं बरं झालं, काका," नवनाथ म्हणाला, आणि पुढच्या डब्याची चिठ्ठी लिहायला लागला.