मिस्तरींची सही राहिली होती

मिस्तरी सही करत नव्हते, तिथून माझ्या संशयाला सुरुवात झाली.

रहिमतपूरजवळ हळदीच्या गोदामाची लोखंडी शेड उभी करायची होती. कुठली फ्रेम आधी, तिला तात्पुरते तारेचे ताण कसे, बोल्ट कधी आवळायचे, किती वाऱ्यात काम थांबवायचं, हे सगळं असलेला कामाच्या पद्धतीचा कागद मी तयार केला होता. सकाळी सगळ्या गड्यांना वाचून दाखवला. सगळ्यांनी सह्या केल्या. जतकडचे आमचे मिस्तरी, माझ्या वडिलांच्या वयाचे, कागद उलटसुलट करत म्हणाले, "सायेब, ह्या फुलीच्या सळ्या कुठल्या गाळ्यात म्हनायच्या?" गाळा म्हणजे दोन फ्रेमींमधली जागा, आणि शेड झुकू नये म्हणून तिथे तिरक्या सळ्यांची फुली मारतात.

"कागदात लिहिलंय ना? पहिल्या गाळ्यात. नीट वाचा," मी म्हणालो.

"बरं. सही करतो की सावकाश."

उद्या काही वेडंवाकडं झालं तर हा माणूस हात वर करणार, असं मी मनात नोंदवून ठेवलं. माझा स्वभावच तसा आहे. दूधवाल्याच्या मापावरही माझा डोळा असतो.

मिस्तरींनी क्रेन तिसऱ्या खांबाशी लावली तेव्हा तर माझी खात्रीच पटली. रस्ता त्या बाजूला होता; क्रेनची हलवाहलव वाचवायला सोयीची जागा धरली, असं मी समजलो. मी तावातावाने गेलो आणि क्रेन पहिल्या खांबाशी आणायला लावली.

दुपारपर्यंत पहिल्या दोन फ्रेमी उभ्या राहिल्या. मधे पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या, बसल्या. कागदाप्रमाणे आता पहिल्या गाळ्यात सळ्यांची फुली बसवून, ओळंबा धरून, टॉर्क पान्याने बोल्ट शेवटचे आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारायची. मी मॅनलिफ्टच्या पाळण्यातून वर गेलो. फुली अजून बसलीच नव्हती. बोल्ट साध्या पान्याने घट्ट केलेले, पण रेघ एकावरही नाही. शिवाय दुसऱ्या फ्रेमलाही दोन्ही बाजूंनी तारेचे ताण मारलेले. माझ्या कागदात ताण फक्त पहिल्या फ्रेमला होते.

"ह्या जादा तारा सोडा आणि तिसऱ्या फ्रेमसाठी घ्या," मी खाली येऊन म्हणालो. "आणि बोल्ट का आवळले नाहीत?"

"व्हय, सोडतो. च्या घिऊ द्या गड्यास्नी."

चहा झाला, तारा तशाच. दोन गडी परत वर चढून, कमरेचा पट्टा अडकवून पर्लिनचे बोल्ट घालू लागले आणि तिसऱ्या फ्रेमची कैची, म्हणजे छताचा वरचा सांगाडा, क्रेनला लागली. हा माणूस मला गुंडाळतोय, असं वाटून मी पुन्हा त्यांच्याकडे निघालो, एवढ्यात धुरळा उठला. वर लावलेल्या वाऱ्याच्या मीटरचा आकडा पाहिला. कागदातली मर्यादा ओलांडली होती. मी शिट्टी मारली. क्रेनवाल्याने कैची खाली टेकवली.

पण वरचे दोघं अजून वरच होते. दोन्ही फ्रेमी पर्लिनसकट एका बाजूला झुकल्या, कुरकुरल्या आणि दुसऱ्या फ्रेमच्या तारा ताठ झाल्यावर थांबल्या. त्याच तारा, ज्या मी सोडायला सांगितल्या होत्या.

"पट्टा सोडू नगा! धरून ऱ्हावा रं!" मिस्तरी खालून ओरडत होते. वाऱ्याचा झोत ओसरल्यावर एकेकाला शिडीने उतरवलं.

आणि तरीही माझ्या तोंडून निघालं ते हेच, "फुली का नाही बसवलीत?"

मिस्तरी मला सळ्यांच्या ढिगाकडे घेऊन गेले. प्रत्येक सळीला कारखान्याची चिठ्ठी होती, गाळा तीन ते चार. पहिल्या गाळ्याच्या खांबांना सळीसाठी भोकंही नव्हती. मी नकाशा उघडला. फुली तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेमच्या मधेच होती. सकाळी मिस्तरींनी क्रेन तिथेच तर लावली होती. याआधी खंडाळ्याला उभारलेल्या शेडला ती पहिल्या गाळ्यात होती, आणि मी तोच कागद गावाचं नाव बदलून आणला होता.

"मग स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"इचारलं की तुमास्नी. तुमी म्हनला, वाचा." ते रागावलेले नव्हते, त्याचंच मला जास्त लागलं. "फुली न्हाई तर ओळंबा टिकत न्हाई. मग बोल्ट कशाच्या जिवावर आवळायचं? तवा तारा ठेवल्या."

वारा पडल्यावर पहिल्या गाळ्यात तारांचीच तात्पुरती फुली मारली. रात्रभर शेडखाली कुणी जायचं नाही म्हणून दोरी बांधली. सकाळी मी नवा क्रम वाचला: दोन्ही फ्रेमींचे ताण कायम, मग तिसरी-चौथी, तिथे खरी फुली, ओळंबा, शेवटचं आवळणं, आणि तारा सर्वांत शेवटी. आधीचा क्रम चुकीचा होता आणि चूक माझी होती, तेही गड्यांसमोर वाचलं.

मिस्तरींनी कागद मांडीवर घेतला, तीन-चार गाळ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सही केली. मग पेन मला परत देत म्हणाले, "काल वर व्हते त्यातला एक माजा पोरगा हाय, सायेब."