फाल्गुनीचे बारा दिवस

आमच्या शहाद्याच्या बाजारात भंवरलालशेठच्या साडीच्या दुकानावर गेली नऊ वर्षं एक कापडी फलक लटकलेला होता. ‘महासेल! शेवटचे आठ दिवस!’ उन्हाने त्यातला लाल रंग गुलाबी झाला, पण आठ दिवस काही संपले नाहीत. गावात कुणी उधारी बुडवायला लागला की लोक म्हणायचे, “देईल हो, भंवरलालच्या आठ दिवसांत.”

त्या घरात फाल्गुनी सून म्हणून आली. मी त्यांच्या समोरच राहते, त्यामुळे तिचं सगळं मला माहीत. तिला नसेल तेवढं. सडपातळ पोर, चालते भरभर, बोलते त्याहून भरभर, आणि रुसली की कपाटातल्या सगळ्या बरण्या पुसून काढते. सासऱ्यांच्या मागे लागून लागून तिने दुकानाचा अर्धा भाग मागून घेतला नि तिथे कॅफे काढलं. चार टेबलं, एक कॉफीचं मशीन, भिंतीवर काळा फळा. कांदा-लसूण नाही, जैनांचं घर ना. भंवरलालशेठ सुनेला म्हणाले, “बिनणी, शिवरात्रीपर्यंत बघतो. चाललं तर तुझं, नाही चाललं तर तिथे परत साड्या लागतील.”

चाललं नाही. कॉलेजची पोरं एक कॉफी घेऊन तीन तास बसायची. मी जायचे, पण मी काय, मी तर गप्पा मारायला जाते.

मग फाल्गुनीच्या डोक्यात हुरडा शिरला. ब्राह्मणपुरीच्या जसोदाबाई तिच्या ओळखीच्या, साड्या घ्यायला येणाऱ्या. त्यांच्या केळीच्या कडेला गुळभेंडी ज्वारीचे दोन तुकडे होते, खास हुरड्यासाठी पेरलेले. फाल्गुनीने ठरवलं, हुरड्याची भेळ करायची. गरम हुरडा, बारीक शेव, लिंबू, दही, शेंगदाण्याची चटणी. जानेवारीच्या चार तारखेला तिने फळ्यावर झोकात लिहिलं, ‘हुरडा भेळ! फक्त बारा दिवस! त्वरा करा!’ तेच मोबाईलच्या स्टेटसला.

आता सांगा, कोण त्वरा करणार? वर सासऱ्याचे आठ दिवस, खाली सुनेचे बारा! पानवाला दिलवरसिंग तर माझ्यादेखत म्हणाला, “वहिनी, बाराची बारा वर्षं होतील ना? मग पोरीच्या लग्नात खाऊ.” मीही हसले. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, “होळीला येते गं.”

पहिल्या दिवशी सात प्लेटा गेल्या, दुसऱ्या दिवशी पाच. उरलेला हुरडा संध्याकाळपर्यंत वातड झाला नि गायीला गेला. तिसऱ्या दिवशी जसोदाबाई स्वतः मोटरसायकलवर मागे बसून कणसांची गोणी घेऊन आल्या. टेबलं रिकामी बघून त्यांनी फळा वाचला.

“पोरी, काय लिखं शे हे?”

“बारा दिवसच आहे, असं लिहिलंय ना काकी.”

“ते तर तुन्हा सासरापन लिखस!” जसोदाबाई म्हणाल्या. “दिवस लिखा, पन बाराच का ते कोठे लिखं? लोकसले काय मालूम, ज्वारी कोनी वाट देखत नही म्हनीसन?”

फाल्गुनीने त्या दुपारी सगळ्या बरण्या पुसल्या. मग जसोदाबाईंना समोर बसवून पोलिसासारखी चौकशी केली. केव्हा पेरलं, केव्हा तोडायचं, उशीर झाला तर काय होतं, दोन तुकडे का. आणि फळा पुसून नवीन लिहिलं. अक्षर तिचं कोंबडीच्या पायासारखं, पण मी वाचलं:

‘हुरड्याची भेळ. ज्वारी ब्राह्मणपुरीच्या जसोदाबाईंची. दाणा नखाने दाबला की दूध निघतं, असे दिवस एका तुकड्यात सात-आठच. पुढे दाणा घट्ट होतो, मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. जसोदाबाईंनी दुसरा तुकडा पाच दिवस मागे पेरला, म्हणून आपल्याला बारा मिळाले. कणसं पहाटे तोडतो, मागच्या अंगणात निखाऱ्यावर भाजतो, गरम असतानाच चोळतो. भाजलेला हुरडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही. पंधरा तारखेनंतर मागू नका. खाली आजचं कणीस टांगलंय. दाबून बघा.’

आणि खरंच सुतळीने एक कणीस टांगलं.

झालं! आमच्या गावाला फुकट दाबायला मिळालं की बघायलाच नको. कॉलेजच्या पोरी दाबताहेत, बँकेचा साहेब दाबतोय, दिलवरसिंग पान सोडून दाबतोय. नखावर पांढरा थेंब आला की माणूस मान हलवायचा आणि आत जाऊन बसायचा. एक दिवस पातळ थेंब, पुढच्या दिवशी जरा दाट. अकरा तारखेला पहिल्या तुकड्याचं कणीस टांगलं तर दाणा नुसताच चेपला, दूध नाही. ते लोकांनी स्वतःच बघितलं. त्या दिवसापासून दुसऱ्या तुकड्याची कणसं यायला लागली. बारा तारखेला बाहेर बाकडं टाकावं लागलं. मयंक, म्हणजे फाल्गुनीचा नवरा, जन्मात पहाटे उठला नव्हता, तो पाच वाजता शेतात! मी त्याला म्हटलं, “अरे, लग्नात तरी वेळेवर आला होतास का?”

मी? मी गेले नाही. गर्दी होती हो. आणि मनात होतंच, घरचीच पोर आहे, माझ्यासाठी कुठे जातोय हुरडा.

चौदाच्या संध्याकाळी भंवरलालशेठ लगबगीने कॅफेत आले. काखेत नव्या फलकाची गुंडाळी. “बिनणी, छापून आणलं. ‘लोकाग्रहास्तव आठ दिवस वाढ!’ सुरतहून फ्रीझरमधला दाणा मागवतो, मी बोललो पण. धंदा जोरात आहे, आता थांबतात होय?”

फाल्गुनी म्हणाली, “बाऊजी, तो दाणा वितळला की पाणी सोडतो. आणि मी पंधरा लिहिलंय.”

“लिहिलंय तर काय! मी नऊ वर्षं लिहितोय.”

मी बाहेर कॅफेच्या खिडकीशी उभी राहून ऐकत होते. फाल्गुनी चिडली नाही. सुतळीवरचं कणीस सोडून तिने त्यांच्या हातात दिलं. “उद्याचं कसं असेल ते यावरून सांगा. तुम्ही तर नुसत्या बोटाने कापड ओळखता.”

शेठने दाणा दोन बोटांत धरला, चोळला, दाबला. परत दुसरा घेतला. चाळीस वर्षं रेशीम नि खोटं रेशीम अंधारात ओळखणारी बोटं ती! मग म्हणाले, “माल उतरतोय. उद्याचा दिवस निघेल, परवाचा नाही.” आणि गुंडाळी काखेत घालून निघून गेले.

सोळा तारखेला मी माझ्या भिशीच्या तिघींना घेऊन थाटात कॅफेत गेले. “चार हुरडा, दही जास्त.”

“संपला, मावशी.”

“अगं, मी आहे!”

“मावशी, तुम्ही असलात तरी ज्वारीला काय?”

मी गल्ल्यावर बसलेल्या भंवरलालशेठकडे वळले. म्हटलं, हा माणूस नाही म्हणणारच नाही. तर ते हात जोडून म्हणाले, “ताई, संपला म्हणजे संपला. बारा दिवस होते ना!”

माझ्या तिघी मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. भंवरलालच्या तोंडून ‘संपला’ कुणी कधी ऐकलंच नव्हतं. मी तणतणत घरी आले आणि आख्ख्या गल्लीला सांगितलं, काय माजलीय ती पोरगी, मला, समोर राहणाऱ्या मला, एक प्लेट दिली नाही! दारोदार सांगितलं. बाजारात सांगितलं. तळोद्याच्या बहिणीलाही फोन करून सांगितलं.

दोन दिवसांनी फळ्यावर नवीन अक्षरं आली, ‘ओल्या तुरीच्या दाण्यांची कचोरी. नऊ दिवस.’ खाली नऊच का ते लिहिलेलं होतं, पण ते वाचायला कुणी थांबलं नाही. मी सकाळी साडेनऊला गेले तर रांगेत माझा नंबर अकरावा होता, आणि माझ्यापुढे दिलवरसिंग.