गोलात न मावलेले केस

पेठ नाक्याजवळ माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतलं ऊन मागच्या निळ्या पडद्यावर येऊन टेकतं, आणि मग मी काम करते आहे की पेंगते आहे, हे माझं मलाच सांगता येत नाही. अशाच एका दुपारी ती आली. सुरगाण्याकडची, चाळिशीतली, इथे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी.

"ताई, डीपीचा फोटो पायजे. पन केस दिसले पायजेत."

मी हो म्हणाले, पण ऐकलं अर्धंच. पंचवीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून हाताला एकच वळण पडलंय: चेहरा मोठा घ्यायचा, डोक्यावर बोटभर जागा सोडायची, बटण दाबायचं. जित्याची खोड. तिने केस मोकळे सोडले होते. दाट, कुरळे, जेमतेम खांद्यापर्यंत आलेले आणि चहूबाजूंनी फुललेले.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला, त्यावर डीपीचा गोल ठेवला आणि नाक बरोबर त्याच्या मध्यावर आणलं. गोल तिच्या चेहऱ्यावर अलगद तरंगत होता. त्या पिवळसर उजेडात तो मला इतका सुंदर वाटला की मी स्वतःवरच खूश झाले. गोलाबाहेर उरलं ते सगळं काढून टाकलं.

ती खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आली.

"केस कुठं गेले माझे?"

वरचे केस कापले गेले होते, बाजूचे कानापाशीच संपले होते. मी म्हणाले, "अहो, चेहरा बघा ना किती छान बसलाय. एवढ्याशा डीपीत केस कोण बघतंय?"

"माझी आई बघंल."

मग तिने सांगितलं. नऊ वर्षं तिच्या डोक्यावर जट होती, मनगटाएवढी जाड, कमरेपर्यंत. देवीची आहे म्हणून आई दर मंगळवारी त्या जटेला हळदकुंकू लावायची. मान वळायची नाही, रात्री कुशीवर झोपता यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने इथे शहरात येऊन ती स्वतःच्या मर्जीने कापून घेतली. आई म्हणाली, आता देवी कोपणार, डोक्यावर पुन्हा एक केस उगवायचा नाही. तेव्हापासून आई बोलत नव्हती. आईला वाचता येत नाही, फोनमध्ये ती माणसं चित्रावरून ओळखते. आणि लेकीच्या नावापुढे अजून जटेचाच फोटो होता.

"केस चांगले वाढंपर्यंत मी बदललाच नाय तो," ती म्हणाली.

मला फार लाज वाटली. बाईने आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली होती आणि मी नेमकी तीच कापून टाकली होती.

गोल मोठा करून पाहिला. पण मी फोटोच इतका जवळून काढला होता की गोल फोटोबाहेर गेला आणि वर पांढरी कड दिसू लागली. पडद्याचा निळा रंग वर वाढवता आला असता, पण बाजूच्या बटा तर फोटोच्या कडेलाच तुटल्या होत्या. त्या कुठून आणणार? तिचे केस मी मनाने रंगवणं मला पटेना.

"बसा पुन्हा," म्हटलं आणि कॅमेरा चांगला तीन पावलं मागे नेला. या वेळी डोक्यावर हातभर निळा पडदा सोडला, दोन्ही बाजूंनाही सोडला. गोल वर निमुळता होत जातो, त्यामुळे टाळू आत आली तरी तिच्या बाजूच्या बटा बाहेर राहतात. म्हणून नाक मध्यावरच ठेवून मी गोल हळूहळू वाढवत नेला. एकेक बट आत येत गेली. खाली हनुवटी, मग गळा, मग साडीचा काठ आला. चेहरा लहान झाला. माझ्या पासपोर्टवाल्या हाताला ते सोसवेना, तरी मी थांबले नाही. शेवटी फोटो नखाएवढा करून पाहिला. एवढासा चेहरा, आणि भोवती काळेभोर केस, सगळेच्या सगळे.

"आत्ता बराय," ती म्हणाली.

तिने तिथेच डीपी बदलला आणि आईला कॉल लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. तिने फोन मांडीवर ठेवला. मी उगाच कीबोर्ड पुसायला घेतला, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. पडद्यावरचं ऊन जमिनीवर उतरलं.

मग फोन वाजला. घाईने उचलताना तिच्याकडून स्पीकरच चालू झाला. पलीकडे एक कोंबडी ओरडत होती.

"लय कोरडे दिसत्यात," म्हातारा आवाज आला. "तेल नाय लावत का गं?"

"लावते, आई," ती म्हणाली. "आजपून लावते."