काकूंच्या ब्लाऊजच्या टिपा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की धाराशिवमधल्या आमच्या कॉलनीत, जिन्याखालच्या खोलीत, एका पायमशीनवर एक थोर शिलाई-संस्था सुरू झाली होती. संस्थेची मालकीण, कारागीर आणि झाडलोट करणारी बाई, तिन्ही पदं मीच भूषवत होते.

संस्थेला गिऱ्हाईक मात्र नव्हतं. कॉलनीतल्या बायका बाजारातल्या टेलरकडं जात. माझ्याकडं उशांचे अभ्रे आणि पोरांच्या उसवलेल्या चड्ड्या यायच्या. चांगलं कापड नव्या हातात कोण देणार?

दिलं ते समोरच्या काकूंनी. शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हळदीकुंकवात मी शिवलेला ब्लाऊज घालून त्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला आणि गोल फिरल्या. कुठं चुणी दिसते का ते सांगा, म्हणाल्या. घरी बोलावून ब्लाऊज उलटा करून आतली शिवणही दाखवली. वर्षभरात निम्मी कॉलनी माझी झाली. माझं घर त्यावर चालायला लागलं.

मग काकू आजारी पडल्या. उपचारासाठी सोलापूरला खेपा सुरू झाल्या. दर खेपेनंतर दोन-तीन ब्लाऊज घेऊन यायच्या आणि जरा आवळून दे म्हणायच्या. मी धुण्यानं कापड सैल पडतं असं सांगायचे. त्या मान डोलवायच्या.

ब्लाऊजला बगलेखाली आम्ही तीन-चार टिपा मारतो. बाहेरची सगळ्यात सैल, आतली अंगासरशी. गिऱ्हाईक अंगानं भरलं तर आतली एक टीप उसवायची, ब्लाऊज बोटभर सैल होतो. काकूंसाठी मी आत आत टीप मारत गेले. उरलेलं कापड तसंच आत ठेवलं.

शेवटच्या खेपेला माप बघताना त्यांचा हात वर केला, तर बगलेखाली लाल वळ दिसला. आतल्या कापडाची जाड घडी काचत होती. त्या काही बोलल्या नव्हत्या. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून एक पुचाट विनोद केला आणि ब्लाऊज ठेवून घेतला. दुपारी सगळ्या जुन्या टिपा उसवल्या, कात्रीनं जास्तीचं कापड छाटलं, कडेला बारीक शिलाई केली. मऊ, सपाट. स्वतःवर खूश होते मी.

संध्याकाळी शेजारच्या तिघी जणी फॉल-पिकोच्या साड्या न्यायला आल्या होत्या. काकूही ब्लाऊज न्यायला आल्या, सवयीनं त्यांनी तो उलटा केला आणि बोटानं शिवण चाचपली. बोट एकदा खाली गेलं, परत वर आलं. टीप एकच होती, सैल करायला आत कापडच उरलं नव्हतं. काचतंय म्हणून कापलं, हे मी सांगणारच होते.

काकूंनी ब्लाऊज मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे मी परत भरत न्हाय, हे तू ठरवून टाकलंस व्हय गं?"