डोणीतलं पाणी

तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे लोहाराच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. का होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पण एकदा माझ्यावरच आळ आला, तेव्हा विचारावं लागलं.

माझं माहेरही लोहाराचंच. चौथीपर्यंत शाळा, मग घर, मग लग्न. नवरा मालवणला होड्यांच्या इंजिनांवर काम करायचा. त्याला भट्टीची धग सोसत नसे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायची. त्यांच्या हाताखाली दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी भाता ओढायला बसले. पुढे घण मारायला लागले. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. गावातल्या बायका म्हणायच्या, सून घणावर घालतात का कोणी? मला घर सारवण्यापेक्षा घण बरा वाटायचा. त्यात निदान काही बनायचं.

आमची भट्टी म्हणजे घराच्या बाजूची एक काळोखी खोप. काळोख मुद्दाम ठेवलेला. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. आबांनी मला रंग शिकवले ते असे: आधी रातांबा, मग जास्वंद, मग अबोली. रातांब्यासारखा काळपट लाल असताना पाणी दिलं तर काही होत नाही. जास्वंदीसारखा लाल आला की पाणी द्यायचं. अबोलीपर्यंत गेला तर पातं फुकट.

"कित्याक फुकट?" मी एकदा विचारलं होतं.

"फुकट म्हणजे फुकट. भातो ओढ."

पाणी द्यायचं ते दगडी डोणीत. कोयत्याची फक्त धार बुडवायची, पाठ बाहेर ठेवायची आणि पातं पाण्यात हलवत राहायचं. एका जागी धरलं तर भोवती वाफेचा पडदा धरतो आणि पाणी लोखंडाला लागतच नाही. मग पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करायची आणि दाराशी उजेडात न्यायची. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे उतरते आणि घासलेल्या जागेवर रंग चढतात. आधी सुक्या काडाचा पिवळा, मग काजूबीसारखा तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला तपकिरीवर जांभळी झाक आली की सगळं पातं पाण्यात. त्याआधी बुडवलं तर धार काचेसारखी ठिसूळ राहते. निळ्याच्या पुढे गेलं तर मऊ पडते.

एवढं सगळं आबा न बोलता, न चुकता करायचे. त्यांचा कोयता दहा गावांत चालायचा.

त्या वर्षी भातकापणीच्या आधी गोष्टी बिघडल्या. माडावर चढून नारळ काढणारा आमचा पाडेली सकाळीच दारात उभा राहिला. हातात कोयता, धारेत बोटभर खाच.

"आबानू, ह्यो कोयतो की काच? माडार अर्ध्यार असताना तुकडो उडालो. डोळो वाचलो म्हणान इलंय, नायतर बायलेक धाडूचा लागला असता."

"खंय आपटलस?"

"नारळार! नारळार नाय आपटूचो तर काय तुमच्या टकलार?"

आबा हसले नाहीत. त्याच आठवड्यात दोन विळे परत आले. एकाला मधोमध चीर होती. विळे घेऊन आलेली बाई जाताना म्हणाली, बाजारात तयार विळे मिळतात, ते तरी कापतात.

संध्याकाळी आबा डोणीपाशी उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "गो, चार दिसांत असताना ह्या पाण्याक हात लायलंस?"

"लावूक नाय."

खरंच लावला नव्हता. पाळीच्या त्या चार दिवसांत मी खोपीत येतच नसे.

"लायलं असशीत. पाणी बाटला. कोयत्याचो जीव पाण्यात असता. आजपासून आत येव नको."

"मगे घण कोण मारतलो?"

"ता मी बघतंय."

बघणार काय? सत्तरीच्या वर वय. एकटे एका हाताने भाता ओढणार, दुसऱ्या हाताने सांडशी धरणार आणि घण कोण मारणार, देव? मला आळाचा राग आला, पण जास्त राग याचा आला की माझं काम गेलं. चूल आणि गोठा यांच्यातच आयुष्य काढायचं असतं तर तीन वर्षं हाताला फोड कशाला आणले?

दोन दिवसांनी आबा फोंडाघाटला गेले. घाटात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात. ते तुटके पाटे तिथे स्वस्तात मिळतात आणि त्यांचं पोलाद कोयत्याला उत्तम. ते सकाळच्या एसटीने गेले म्हणजे दुपारशिवाय येत नाहीत. मी भट्टी पेटवली.

पहिला प्रश्न सोपा होता: पाण्यात जीव असतो का? असेल तर पाण्यात घातलेली कुठलीही वस्तू कडक व्हायला हवी. घर बांधताना उरलेली एक सळई होती. ती जास्वंदी लाल केली आणि त्याच बाटलेल्या डोणीत बुडवली. थंड झाल्यावर कानस लावली. कानस खर्रकन चावली, चुरा पडला. दोन हातांनी वाकवली, वाकली.

मग जुन्या पाट्याची एक चीप घेतली. तोच रंग, तेच पाणी. कानस लावली तर घसरली. चरासुद्धा पडेना. ऐरणीवर ठेवून हातोडा मारला, तटकन तुटली.

पाणी एकच, मग फरक पाण्यात नाही, लोखंडात आहे. सळईत काहीतरी कमी आहे, पाट्यात ते आहे.

दुसरी चीप तशीच लाल केली, पण पाण्यात न घालता गरम राखेत पुरून ठेवली. स्वयंपाक उरकून आले तेव्हा थंड झाली होती. कानसेने कापली गेली, वाकवली तर वाकली. तेच पोलाद, तीच धग. फक्त एक झटकन थंड झालं, एक सावकाश.

तेव्हा मला गुळाचा पाक आठवला. खाज्यांसाठी पाक करताना थेंब गार पाण्यात टाकून बघतात. चांगला आटलेला पाक पाण्यात पडला की टणक गोळी होते, दाताने फोडावी लागते. तोच पाक ढवळत सावकाश थंड होऊ दिला तर साखरेचे कण वेगळे होतात आणि तो भुसभुशीत बसतो. गार पाणी पाकाला काही देत नाही, फक्त धग काढून घेतं, इतक्या घाईत की आतल्या कणांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही.

पोलादातही तसंच असणार, असं मी धरलं. पुढे माझा मुलगा आयटीआय शिकला तेव्हा त्याने सांगितलं की पोलादात कोळशाचा अंश असतो. लोखंड लाल तापलं की तो अंश त्यात विरघळतो. सावकाश थंड झालं तर तो बाजूला होऊन आपापल्या थरात बसतो. झटकन थंड केलं तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आतच कोंडला जातो आणि लोखंडाच्या कणांना ताणून, अडकवून धरतो. म्हणून कडक, आणि म्हणूनच ठिसूळही. सळईत तो अंश जवळजवळ नसतोच, मग कोंडणार काय? गुळाचं उदाहरण पुरतं जुळत नाही, असंही तो म्हणाला. नसेल जुळत. मला वाट त्या पाकानेच दाखवली.

पण मग आबांची पाती मोडत का होती? मी तिसरी चीप अबोलीपर्यंत तापवली आणि पाणी दिलं. हातोडा लागायच्या आधीच तिला चीर दिसली. तोडून पाहिली. जास्वंदीवर पाणी दिलेल्या चिपेचा तुटका भाग मैद्यासारखा बारीक, राखाडी होता. हिचा जाड रव्यासारखा, चमचमता. पाडेल्याचा कोयता कोपऱ्यात पडला होता. त्याची खाच उजेडात धरली. रवा!

म्हणजे आबा जास्त तापवत होते. मी मान वर केली आणि खिडकी दिसली. पावसाळा सरताच आबांनी खिडकीवरचा माडाच्या झावळांचा झाप काढून टाकला होता. मला म्हणाले होते, वारा येऊ दे. वाऱ्यासाठी नव्हतं ते. त्यांना दिसत नव्हतं. डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, पडत होता. हातोडा कुठे पडतो ते दिसावं म्हणून त्यांनी उजेड आत घेतला, आणि उजेडात लाल रंग फिका दिसायला लागला. अबोली त्यांना जास्वंद वाटत होती. धारेवरचा पिवळा, तपकिरी तर त्यांना दिसतच नसावा. रंग निघून जाईल या भीतीने ते आधीच पाण्यात बुडवत असणार.

मी झाप परत बांधला.

आबा दुपारी खांद्यावर पाट्याचं ओझं घेऊन आले आणि दारातच थांबले. "काळोख केलंस. माका दिसणा नाय."

"तुमका दिसूचा कामच नाय. बसा."

"तुका आत येव नको म्हटलेलंय."

"इलंय आता. एक कोयतो करतंय, मोडलो तर जातंय परत चुलीकडे."

ते बसले. दमलेही होते. मी आबांनी आधीच घडवून ठेवलेलं एक पातं तापवायला घातलं. चुरा वेचायचा लोहचुंबक आमच्याकडे होता, तो तारेला बांधून मी पात्याला लावून बघत होते. सकाळीच कळलं होतं की पोलाद जास्वंदीला आलं की चुंबक त्याला धरत नाही. माझ्या डोळ्यांवर तरी का विसंबायचं?

चुंबक सुटला. "इलो रंग," मी म्हटलं.

आबांनी डोळे बारीक केले. "नाय इलो. अजून तापूक होया."

मी चुंबक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तार धरून तो पात्याला लावला. लागला नाही. परत लावला. मग त्यांनी चुंबक खाली ठेवला.

मी धार डोणीत उतरवली, त्याच पाण्यात, आणि हलवत राहिले. आबा मान तिरकी करून ऐकत होते.

"आवाज बरो इलो," ते म्हणाले.

दाराशी जाऊन धार घासली. "पिवळो," मी सांगितलं. "तपकिरी. आता जांभळी झाक."

"बुडय!"

बुडवलं. थंड झाल्यावर त्यांनी कानस मागितली आणि धारेवरून फिरवली. जेमतेम चावली, हवी तेवढीच. मग अंगणातल्या फणसाच्या सुक्या ओंडक्यावर त्यांनी स्वतः तीन घाव घातले आणि अंगठ्याने सगळी धार चाचपली. खाच नव्हती.

संध्याकाळी पाडेली आला. कोयता हातात फिरवून म्हणाला, "कसो काय बरो झालो?"

"पाणी बाटलेला," आबा म्हणाले. "गोमूत्र घालून शुद्ध केलंय."

गोमूत्र नाही की काही नाही. मी भांडी घासत होते, घासत राहिले. कोयता बरा निघाला होता. म्हातारा काय सांगतो ते सांगू दे.

डोळ्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही तो विषय काढला नाही. कापणीचे विळे आम्ही दोघांनी केले; रंग मी बघायचे, आवाज ते ऐकायचे. मग माझे चार दिवस आले. मी नेहमीसारखी मागच्या पडवीत बसले. सकाळ गेली. खोपीतून ठोकण्याचा आवाज नाही. थोड्या वेळाने आबा कोपऱ्यावर येऊन उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

"इळे पडले हत तेरा. रंग कोण बघतलो?"

मी उठले आणि भाता ओढायला गेले.